बहिणीने पाठवलेला सिलिंडरचा फोटो

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. आग विझवायचं कोणतं यंत्र कोणत्या आगीवर चालतं, हे कामगारांना शिकवणं माझ्या नोकरीचाच भाग. म्हणून तर माझ्या चुलत बहिणीने मला विचारलं. तिने जामखेडला फरसाणाचा छोटा कारखाना काढला होता. गाळा भाड्याचा. आधीच्या भाडेकरूचं तिथे बारदानाचं गोदाम होतं, आणि जाताना तो भिंतीवरचा लाल सिलिंडर तसाच ठेवून गेला होता.

तिने त्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "दादा, हा चालेल का?"

मी केडगावला घरी जेवत होतो. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात मोबाईल. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात दिसला, पिनेचं सील शाबूत दिसलं, तपासणीची तारीखही पुढची होती. "चालेल," मी लिहिलं. "दारापाशी लाव. वेळ आलीच तर पिन ओढ आणि लांबूनच मार."

फोटो मोठा करून लेबल काही वाचलं नाही.

चार महिन्यांनी सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. शेव तळताना कढईतल्या तेलाने पेट घेतला होता. "तिनं तुमी सांगितल्यावानीच केलं, दादा," तो म्हणाला. "पिन वढली, लांबून मारलं. तर आग इझायची सोडून जळतं त्याल छतापत्तुर उडालं. उजवा हात लई भाजलाय." कामावरच्या बाईने बाहेरचा गॅस बंद केला आणि त्याने मोठी परात कढईवर सरकवली, तेव्हा कुठे आग दबली.

मी फोन ठेवला आणि तो जुना फोटो शोधून मोठा केला. सगळं स्पष्ट दिसत होतं. 'नऊ लिटर, पाणी'. खाली एकच अक्षर, ए, आणि शेजारी जळत्या लाकडांचं चित्र. त्यापुढे तेलाच्या डब्याचं चित्र आणि विजेची खूण, दोन्हींवर लाल फुली. बारदान, कागद, लाकूड यांच्यासाठी तो सिलिंडर अगदी योग्य होता. उकळत्या तेलात पाणी पडलं की क्षणात त्याची वाफ होते आणि ती जळतं तेल घेऊन उसळते. हे मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल!

दवाखान्यात तिचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. काकू, म्हणजे तिची आई, मला बघून म्हणाल्या, "तुझ्या सांगण्यावरनं ते यंत्र तरी होतं तिथं, न्हाईतर काय झालं असतं!" बहीण म्हणाली, "माझीच चूक. मी फार जवळ गेले असेन."

मी मान डोलावली. हो, मान डोलावली. येताना आणलेली मोसंबी सोलत बसलो. त्या दिवशीची ती मान मला अजून आठवते, तिच्या भाजलेल्या हातापेक्षाही जास्त.

पुढचे तीन आठवडे मी कारखान्यात एकही वर्ग घेतला नाही. मग एका रविवारी जामखेडला गेलो आणि तिच्यासमोर फोटो ठेवला. कुठलं अक्षर, कुठली फुली, सगळं दाखवलं. "तू लांबच होतीस. तू सगळं बरोबर केलंस. मी वाचलं नव्हतं."

तिने फोटो मोठा करून ती फुली स्वतः बघितली. "आणि दवाखान्यात आई बोलत होती तेव्हा?"

"तेव्हा मला माहीत होतं."

"मग तेव्हा का नाही बोललास? महिनाभर मी स्वतःलाच बोल लावत होते."

तिने चहा ठेवला नाही. तिचा नवरा दारात उभा होता.

आठ दिवसांनी तिचाच फोन आला. "नीट सांग. मी लिहून घेते. डाव्या हाताने लिहितेय, हळू सांग."

मी हळू सांगितलं. ए म्हणजे लाकूड, कापड, कागद. बी म्हणजे पेट्रोल, डिझेलसारखे द्रव. सी म्हणजे गॅस, पण आधी गॅस बंद करायचा. विजेच्या बोर्डाला कार्बन डायऑक्साइड. एबीसी पावडर बऱ्याच ठिकाणी चालते, पण कढईतलं तेल तिने गार होत नाही, पुन्हा पेटू शकतं. तळणीच्या तेलासाठी एफ लिहिलेला, ओल्या रसायनाचा सिलिंडर. त्याने तेलावर साबणासारखी साय धरते आणि तेल निवतं. काहींवर एफच्या जागी के लिहिलेलं असतं.

"आणि झाकण?" तिने विचारलं.

"आग लहान असेल तर आधी गॅस बंद, मग झाकण. पाणी कधीच नाही."

पुढच्या आठवड्यात मी दोन सिलिंडर घेऊन गेलो, एक एफचा, एक एबीसीचा, आणि भिंतीवर टांगले. ती स्टुलावर चढली आणि प्रत्येकाचं लेबल स्वतः, मोठ्याने वाचलं. मी स्टूल धरून उभा होतो. तिची बोटं अजून पुरती मिटत नाहीत. शेव आता तिचा नवरा तळतो, ती पीठ मळून देते, डाव्या हाताने.