गिरणीची चौथी भेट

चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसात माझं काम एकच, आठवण करून द्यायची. भात भरडायच्या लहान गिरण्या आम्ही विकतो. वर्षाचा देखभाल करार संपायच्या महिनाभर आधी मी गिऱ्हाइकाला फोन लावते आणि फायदे सांगते: वर्षात मेकॅनिकच्या चार भेटी, बेल्ट-बेअरिंगची तपासणी, मधेच मशीन बंद पडली तर मजुरी नाही. रबर रोल मात्र करारात बसत नाही, तो झिजणारच. आणि मुदत उलटली तर आधी मशीन नव्यानं तपासायची, मगच नवा करार. हे सगळं मी झोपेतही म्हणू शकते.

अहेरीकडच्या एका गावाची गिरणी सगळ्या गावाची मिळून होती. मुदतीला आठ दिवस उरले होते आणि धान कापणीला आलं होतं. गिरणीचं बघणाऱ्या सचिवाला मी पाचव्यांदा फोन केला. पोरगा भला होता, कधी फोन टाळायचा नाही.

"मॅडम, सगळे हो म्हनून राह्यले. एक बाई नाई म्हनते."

"मग?"

"मंग नाई."

माझं डोकंच चक्रावलं. गावात माणसं किती आणि नाही म्हणणारी एक! हात वर करून मोजा ना, म्हटलं. तर त्यांच्या ग्रामसभेत हात मोजत नाहीत म्हणे. सगळ्यांना पटेपर्यंत बसतात. बरं, बाईचं म्हणणं काय? ते त्याला माहीत नव्हतं. तिला विचारलं का? विचारलं. मग? तिनं फक्त 'माह्यं जमत नाई' एवढंच सांगितलं. साहेबांना हे सांगितलं तर ते माझ्याकडेच अशा नजरेनं बघायला लागले, की जणू नाही म्हणणारी मीच आहे.

शेवटी वैतागून मीच बस धरली. पुढं सचिवाच्या गाडीवर बसून गावात पोचले. सभा झाडाखाली बसली होती. मी फायदे सांगितले, पुन्हा सांगितले. माणसं माना हलवत होती, चहा पाजत होती, मधेच एकानं बरोबर आहे म्हटलं, आणि सही कोणी करेना. मला कळेचना, घोडं अडलंय कुठं. रागही आला. इतकं गोड वागून नाही म्हणणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

ती बाई मागे बसली होती. साठीची असेल. कमरेला किल्ली खोचलेली. गिरणीचं कुलूप तीच काढते, तिच्याशिवाय दार उघडत नाही, हे मला तिथंच कळलं. मी फाइल घेऊन तिच्यापाशी जाऊन बसले आणि भेटींचे चार कागद दाखवले, चारही सचिवाच्या सहीचे. बाई, बघा, चार भेटी झाल्यात.

तिनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुह्या मेकॅनिकसाठी म्या कुलूप तीनदाच काढलं," ती म्हणाली.

मी तारखा पाहिल्या. एक भेट भर पावसाळ्यातली होती. तेव्हा नाला पुलावरून वाहत होता, गावात माणूस यायला रस्ताच नव्हता, हे लोकांनी सांगितलं. सचिवाचा चेहरा उतरला, मग त्यानंच सांगून टाकलं. उन्हाळ्यातल्या भेटीत आमच्या मेकॅनिकनं त्याच्याकडून पुढच्या कागदावरही सही घेऊन ठेवली होती, पावसाळ्यात उगाच त्रास नको म्हणून. त्या पोरानं भलेपणानं सही केली आणि मग लाजेनं गप्प राहिला. तेव्हा किल्ली घेऊन तिथंच असलेल्या बाईला सारं माहीत होतं. चारचौघांत त्याचं नाव घ्यायला नको म्हणून ती 'जमत नाई'वर अडून होती.

आता लाज मला वाटली. महिनाभर मी फोनवर जो फायदा विकत होते, तो माझ्याच फाइलीत खोटा होता. तरी तोंडातून निघालं, की एवढ्यासाठी मुदत घालवू नका, बाई.

"आमची मुदत सरते तं तू फोन करते," ती शांतपणे म्हणाली. "तुहा मानूस नाई आला, तं तुले कोन फोन करते?"

मी फाइल मिटली. आधी राहिलेली भेट होईल, मगच सही, एवढं बोलून मी उठले.

ऑफिसात भांडून मी मेकॅनिकला मुदतीच्या आदल्या दिवशी तिकडे धाडलं. संध्याकाळी सचिवाचा फोन आला. कागदावर सही झाली होती, कोणी नाही म्हणालं नव्हतं. मग फोन त्या बाईनं घेतला.

"आज चौथ्यांदा कुलूप काढलं," ती म्हणाली, आणि फोन त्याच्याकडे परत दिला.