पहिल्याच चुकीला बाद

जिल्हा स्पर्धेच्या आठवडाभर आधी मी माधव नगरच्या आमच्या शाळेत धावणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना नियम समजावत होते. "'सेट' म्हटलं की हलायचं नाही. बंदूक वाजण्याआधी सुटलात तर बाद."

नववीतल्या एका मुलीची आई म्हणाली, "मॅडम, एक चान्स तर मिळतो ना?"

"आमच्या वेळी मिळायचा. आता पहिल्याच चुकीला सरळ लाल कार्ड." मग मी त्या मुलीलाच सगळ्यांसमोर बजावलं, "तुला फार घाई असते. सांभाळ."

ती आमची सगळ्यात वेगवान मुलगी होती. शंभर मीटरच्या फायनलला बंदूक वाजली, बाकीच्या सुटल्या आणि ती क्षणभर तशीच वाकून राहिली. तरी चौथी आली.

"खरंच वाजली का, याची खात्री करत होते, मॅडम," ती रडत म्हणाली.

नियम मी बरोबरच सांगितला होता. पण आवाज आला की बेधडक सुटायचं, हे सांगायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी तिनं धावणं सोडून कबड्डीत नाव दिलं. तिच्या आईनं मला कधी दोष दिला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.