लेपकाकूंचा तिसरा शनिवार

लेपकाकूंच्या पार्लरमध्ये दोन खुर्च्या, एक आरसा आणि एक पितळी वाटी आहे. यांपैकी बोलायचा अधिकार फक्त वाटीला. मुलतानी माती, हळद, चंदनाची पूड आणि गुलाबपाणी यांचा लेप काकू त्या वाटीत तेवीस वर्षं कालवत आल्या. कालवताना त्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याबद्दल असं बोलत की समोरची बाई लेप लागण्याआधीच निम्मी सुधारायची. त्यांचं खरं नाव वीजबिलावर आहे; बाकी सगळ्या गल्लीला त्या लेपकाकू.

मुलाचं लग्न झालं आणि घरात प्रयोगशाळा आली. सून सौंदर्यप्रसाधनांची चाचणी घेणाऱ्या कंपनीत कामाला होती. लोकांच्या गालांवर पेनासारखी यंत्रं टेकवून ओलावा किती, तेल किती हे मोजणं तिचं काम. काकूंना सुरुवातीला हे थापच वाटलं. पगाराची चिठ्ठी पाहिल्यावर त्यांनी यंत्राला ‘तुमचं ते पेन’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे मान दिला.

वर्षभराने सुनेने नोकरी सोडून पार्लरमध्ये यायची तयारी दाखवली. अट एकच: वाटीच्या जागी तयार ट्यूब. तिचं म्हणणं होतं की वाटीत कधी हळद जास्त पडते, कधी माती. चंदन म्हणून आणलेल्या दोन पुड्यांना दोन वेगळे वास येतात. आणि कालवलेला लेप दुसऱ्या दिवशी वापरला तर त्यात काय वाढलं असेल ते देव जाणे. ट्यूबमध्ये प्रमाण ठरलेलं असतं आणि टिकवायचं द्रव्य असतं.

काकू म्हणाल्या, आधी सिद्ध कर. सून म्हणाली, दोघीही करू. वाटी हरली तर फडताळावरून उतरेल, ट्यूब हरली तर सून नोकरीतच राहील. दारावर ‘घरगुती लेप’ अशी पाटी होती. ती काढायची म्हणजे काकूंना स्वतःचाच दात काढल्यासारखं होतं, म्हणून त्या होकार देताना जरा रागावल्याच.

पद्धत सुनेची. बारा गिऱ्हाइकं, सहा शनिवार. प्रत्येकीच्या अर्ध्या चेहऱ्यावर काकूंचा लेप, अर्ध्यावर ट्यूबमधला. कोणती बाजू कशाला हे चिठ्ठी टाकून ठरलेलं. ट्यूब प्रत्येकीची स्वतंत्र. सुरू करण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन्हींचा ठिपका लावून दोन दिवस थांबायचं. तिथंच शाळेच्या मुख्याध्यापिका गळाल्या. काकूंच्या ठिपक्याने त्यांना खाज सुटली. त्यांच्या जागी शिंपीणबाई आल्या. काकू म्हणाल्या, बाईंना दप्तर तपासायची सवय, खाजवायचंही तपासूनच खाजवलं असेल.

लेप धुतल्यावर वीस मिनिटं पंखा बंद करून बसायचं, आणि तासाभराने मोजणी. हळदीमुळे काकूंची बाजू पिवळसर राहायची, त्यामुळे कोणती कुठली हे सगळ्यांनाच दिसायचं. सुनेने ते मान्य केलं. ती म्हणाली, डोळ्यांवर पट्टी बांधता येत नाही, तर निदान आकडे तरी आपल्या आवडीचे लिहायचे नाहीत.

पहिल्या दोन शनिवारी असं दिसलं की तेल दोन्हीकडे सारखंच कमी होतं आणि संध्याकाळपर्यंत सारखंच परत येतं. इथवर बरोबरी. पण ओलाव्याच्या आकड्यात काकूंची बाजू बाराच्या बारा जणींत कोरडी. माती तेल ओढते तशी त्वचेला कोरडंही करते, असं सुनेने अगदी मऊ आवाजात सांगितलं. त्या आवाजाचा काकूंना जास्त राग आला.

तिसऱ्या शनिवारी काकूंच्या बाजूचा ओलावा वाढला. चौथ्या शनिवारी तो ट्यूबच्या बाजूला येऊन टेकला. शिंपीणबाई आरशात गाल फिरवत म्हणाल्या, काकू, तुमच्या हाताला आज वेगळंच वळण आहे. काकू नम्रपणे म्हणाल्या, माती जुनी झाली की मुरते.

पाचव्या शनिवारची मोजणी संपली, गिऱ्हाइकं गेली, आणि तिने फडताळावरच्या बारा ट्यूब काढून छोट्या काट्यावर एकेक ठेवायला सुरुवात केली. काकूंना हे माहीत नव्हतं की अशा चाचणीत ट्यूब आधी आणि नंतर तोलतात. माणसं किती वापरलं ते विसरतात, ट्यूब विसरत नाही.

“आई, पाच शनिवारांत अर्ध्या चेहऱ्याला दहा ग्रॅम जायला हवे होते.”

“बरं मग?”

“गेलेत सोळा. प्रत्येकीच्या ट्यूबमधून सोळाच.”

काकूंनी वाटी पुसायला घेतली. ती स्वच्छ होती.

“एका ट्यूबमधून सगळं काढलं असतं तर मी समजले असते की कोणाच्या तरी हाताला सुमार नाही,” सून म्हणाली. “पण तुम्ही बाराही जणींकडून समान घेतलंत. एवढी शिस्तीची चोरी मी कंपनीतही पाहिली नाही.”

“चोरी नाही ती,” काकू म्हणाल्या. “गुलाबपाणी संपलं होतं.”

सुनेने गुलाबपाण्याची भरलेली बाटली उचलून त्यांच्यासमोर ठेवली. काकूंनी बाटलीकडे असं पाहिलं की जणू तीच फितूर झाली. मग त्या खुर्चीत बसल्या. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, जिथे त्या कधी बसत नसत. तिसऱ्या शनिवारपासून माती-हळद गुलाबपाण्याऐवजी ट्यूबमधल्या लेपात कालवत होते, असं त्यांनी आरशाला सांगितलं. आणि ते बरंच झालं, कारण दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगलं झालं होतं.

सुनेने मान हलवली. तेही सिद्ध नाही, ती म्हणाली. मिसळल्यावर प्रमाण बदललं, टिकवायचं द्रव्य पातळ झालं. उद्या कोणाचा गाल सुजला तर वाटी म्हणेल ट्यूब, ट्यूब म्हणेल वाटी. तीन ते पाच शनिवारांचे आकडे बाद, सहावा घ्यायचाच नाही. खरे आकडे फक्त पहिल्या दोन शनिवारांचे, आणि त्यांत वाटी हरलेली.

अडचण निराळीच निघाली. पुढच्या शनिवारी बारा जणी वेळेआधी आल्या, आणि शिंपीणबाईंच्या तोंडून सगळ्यांनी एकच मागणी केली: आता दोन्ही गालांना तिसऱ्या शनिवारपासूनचा लेप हवा. दरही त्यांनीच वाढवून सांगितला. काकूंनी वाटी हातात घेतली. आतापर्यंत एवढं कौतुक त्यांच्या मातीला कधी मिळालं नव्हतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

सून दारापाशी होती. तिने वर पाहिलं नाही. ती काटा डब्यात भरत होती.

“तो लेप माझा नव्हता,” काकू म्हणाल्या. “त्यात हिची ट्यूब होती. मीच घातली. हरत होते म्हणून.”

तेवीस वर्षांची इमारत कोसळली तर आवाज होईल असं काकूंना वाटत होतं, झाला नाही. शिंपीणबाईंनी फक्त विचारलं की मग त्यांचा तेलकट चेहरा कोणी सांभाळायचा. सुनेने वही उघडून सांगितलं, तुमचं कपाळ तेलकट आहे, तिथे काकूंची माती चालेल, आधी ठिपका लावून आणि त्याच दिवशी कालवलेली. कोरड्या गालांना ट्यूब.

“म्हणजे माझी वाटी कपाळापुरती?” काकू म्हणाल्या.

“नाकालाही देते,” सून म्हणाली.

काकूंनी दारावरची पाटी काढली, मागे फिरवली आणि कोऱ्या बाजूला खडूने लिहिलं: ‘घरगुती लेप. कपाळ आणि नाक. गालांसाठी सुनेला विचारा.’ मग त्या म्हणाल्या, अक्षर वाकडं आलं, हवं तर तुमच्या त्या पेनाने मोजून घे.