मंगळवारपर्यंतची मुदत

खऱ्याला मरण नाही म्हणतात. नसेल बाई! पण खरं बोलणारीचं काय होतं, ते मंचरला पोपटलाल शेठच्या शिलाई कारखान्यात बघावं.

अवसरीची साळुबाई तिथं नऊ वर्षं मशीनवर बसून होती. वाकून वाकून कंबर कामातून गेलेली. कटिंगचे मास्तर जूनअखेर काम सोडणार होते आणि त्यांचं उभ्यानं करायचं कटिंगचं टेबल आपल्याला मिळावं, एवढीच तिची आस होती.

मे महिना, शाळांच्या गणवेशांची घाई. तिच्या वाट्याचा माल शनिवारी द्यायचा होता. मॅनेजर गोरख तिच्याच भावकीतला. त्याच्या बहिणीचं लग्न निघालं, तसं ब्लाउजांचं गाठोडं त्यानं साळुबाईच्या मशीनवर आणून टाकलं. "वयनी, आधी हे उरका. घरचंच हाय." घरचं काम कोण मोजतं?

बुधवारी तिनं उरलेला माल मोजला. शनिवारपर्यंत तो उरकणं शक्यच नव्हतं. शेजारची चिमाबाई म्हणाली, "सासू आजारी हाय म्हन. मी दर साली म्हनते!"

"धडधाकट म्हातारीला कशापायी निजवू?" म्हणत साळुबाई उठली आणि सगळ्यांदेखत गोरखच्या टेबलापाशी गेली.

"भाऊ, शनिवारी समदा माल व्हनार न्हाई. फ्रॉक झालेत, ते शनिवारी न्या. चड्ड्या शिवून झाल्यात, काज-बटनं ऱ्हायलीत. ब्लाउजांत चार दिवस गेले. मंगळवारपतुर मुदत द्या, मंगळवार चुकनार न्हाई."

गोरखनं इकडंतिकडं पाहिलं. "बरं, मंगळवार. पन लई मोठ्यानं बोलता राव तुमी."

शनिवारी फ्रॉक गेले, मंगळवारी चड्ड्या. एक बटण ढिलं निघालं नाही.

जूनअखेर पोपटलाल शेठ आले. "साळुबाई, टेबल तुम्हालाच द्यायचं मनात होतं. पण ऐन हंगामात तुमचा माल लांबला. का?"

"मॅनेजरच्या घरचे ब्लाउज शिवले, शेठ. त्यांनीच आधी उरका म्हनले. मी बुधवारीच सांगितलं व्हतं त्यांना."

शेठनी गोरखकडं मान वळवली. मेल्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "ब्लाउज? मला तर काय बोलल्या न्हाईत."

"सगळ्यांसमोर बोलले मी!" साळुबाई बायकांकडं वळली. "इचारा की ह्यांना!"

शेठनी विचारलंही. "कुणी ऐकलं का गं?"

बारा बायका. बुधवारी बाराजणींनी कान टवकारले होते. आता एकीनंही मान वर केली नाही. चिमाबाईच्या मशीनच्या सुईखाली तर कापडसुद्धा नव्हतं, पण तिचा पाय चालूच होता.