टिंबअण्णांचा खण

टिंबअण्णा चहावर बशी झाकूनच प्रूफ तपासायला बसत. चहा कोण पिणार होते? पण अण्णांचा बशीवरही पुरता भरवसा नव्हता. कसब्यातल्या आमच्या छापखान्यात त्यांनी हयातभर ‘नांव’, ‘पांच’, ‘घरें’ यांवरची टिंबे राखली. शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी न उच्चारली जाणारी टिंबे काढली आणि लगेच मी मुद्रितशोधक म्हणून रुजू झाले. संशयाला एवढे पुरे.

मी ताजी एम. ए., दोन वेण्या आणि एकच मत: बोलतो तसे लिहावे.

“कोण बोलतो, विदुषी?” अण्णा म्हणाले. “आपला खिळे जुळवणारा गणपत खराडीचा. तो ‘पानी’ म्हणतो. त्याचं वेगळं पुस्तक काढायचं? आणि ‘चहा’ आणि ‘चमचा’, दोन्ही ‘च’ सारखेच बोलता का?”

मी मनात दोन्ही म्हणून पाहिले; वेगळे निघाले. ‘नांव’वरच्या टिंबाबद्दल ते म्हणत, “मुळात ‘नाम’. ‘म’ गेला, जाताना नाकात आवाज ठेवून गेला. पुढे आवाजही गेला, टिंब राहिलं. इंग्रज ‘नाइफ’मधला मुका ‘के’ अजून पोसतोच ना?”

मी म्हटले, “पण जुन्या ‘घरांत’वरून एक घर की दहा, कळतं का? आता टिंब फक्त अनेकवचनाला.”

“तेवढं बरं केलंय,” अण्णा म्हणाले आणि ते मान्य करायला लावण्यात माझा काय डाव असेल, याचा दिवसभर विचार करत राहिले.

मग शाळेचे पुस्तक छपाईला आले. आम्ही टिंबे काढायचो, दुरुस्त प्रुफात नवी उगवायची. मालकांनी बजावले, “अण्णा, पुढच्या प्रुफात एक जरी दिसलं, तर तुम्ही घरी बसा.” मला खात्री होती, म्हातारा मुद्दाम घालतो. अण्णांना खात्री होती, त्यांची खुर्ची मिळावी म्हणून मी घालते. त्यांनी प्रुफे खणात कोंडली, किल्ली जानव्याला बांधली. टिंबे तरीही आली; प्रूफ अजून मालकांनी पाहिले नव्हते, एवढेच.

शेवटी एकमेकांवर पाळत ठेवायला आम्ही दोघे गणपतच्या मागे उभे राहिलो. तो आमच्याशी गप्पा मारत खिळे जुळवत होता. नजर आमच्याकडे, बोटे टिंबवाल्या मात्रेच्या खणात.

“गणपत, काय घेतलंस?”

त्याने बोटांकडे पाहिले. “हात जातोय हो अण्णा. वीस वर्सं तिथंच जातोय.”

अण्णा माझ्याकडे वळले. “घ्या. काढा आता ह्याच्या बोटातलं टिंब.”

मालकांना बोलावून दाखवले, तो खण रिकामा केला, पुस्तक स्वच्छ निघाले. अण्णांची नोकरी राहिली. गणपतची बोटे मात्र कित्येक महिने त्या रिकाम्या खणात जाऊन परत येत.

निवृत्तीच्या दिवशी अण्णांनी जानव्याची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. “इथं कुणावर तरी लक्ष ठेवायला हवं.”

ते गेल्यावर मी अधाशीपणाने त्यांचा खण उघडला. आत काहीच नव्हते.

इकडेतिकडे पाहिले आणि पुन्हा कुलूप लावले.