बंद, पुढे ढकललेला नाही

दिनानाथ खानविलकर या माणसाबद्दल आमच्या कंपनीत कोणी भरभरून बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांची टिंगल मात्र सगळे करायचे. राबाळ्याच्या आमच्या कारखान्यात विजेचे मीटर बनत, आणि खानविलकर तिथे एकवीस वर्षं होते. कागदावर जावक क्रमांक पडल्याशिवाय तो कागदच नाही, असं मानणारा माणूस. साधी पंख्याची तक्रार करायची तरी अर्ज लिहायचे, त्याची कार्बन प्रत ठेवायचे आणि पोच म्हणून शिपायाची सही घ्यायचे. नेरूळला सिडकोच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यांच्या बायकोला, स्मितावहिनींनासुद्धा, ते दुधाच्या हिशेबाखाली सही मागत असणार असं मी एकदा कँटीनमध्ये म्हणाले होते. सगळे हसले, खानविलकरही हसले.

मी डायरेक्टरसाहेबांची टायपिस्ट. साहेबांच्या केबिनबाहेर माझं टेबल, त्यावर एक कॉम्प्युटर, टेलिफोनचा बोर्ड आणि कामगारांच्या नोटिसांसाठी एक जुना मराठी टाइपरायटर. त्या टेबलावरून कंपनीत काय शिजतंय ते सगळ्यांच्या आधी मला दिसायचं. याचा मला अभिमान होता. आता तो आठवला की तोंड कडू होतं.

सत्त्याण्णव साली खानविलकरांकडे इलेक्ट्रॉनिक मीटरचं काम होतं. तोवर आम्ही चकती फिरणारे मीटर बनवायचो. नवा मीटर आपणच, आपल्या माणसांनी बनवायचा असं ठरलं आणि खानविलकरांना नऊ जणांची टीम मिळाली. पाच कायमचे, चार हंगामी. दोन वर्षं ही माणसं त्या टेस्टरूममध्ये राबली. घरातली सगळी बटणं बंद असली तरी मीटर आपला हळूहळू पुढे सरकतोय, असा एक दोष होता. गिऱ्हाइकाने न जाळलेल्या विजेचं बिल येणार, म्हणजे असा मीटर कोणी घेणारच नाही. तो दोष काढायला चार महिने गेले. दमट हवेच्या कपाटात मीटर ठेवायचे, काढायचे, तपासायचे, वहीत लिहायचे, पुन्हा ठेवायचे. रविवारीसुद्धा माणसं यायची, आणि त्यांना कोणी बोलावलेलं नसायचं.

त्या टीममधला कृष्णात सगळ्यात कामाचा. साताऱ्याकडचा, सत्तावीस वर्षांचा, दिघ्याला भावाबरोबर राहायचा. हंगामी होता. मीटर बाजारात गेला की तुला कायम करतो, असा साहेबांनी त्याला तोंडी शब्द दिलेला. दरम्यान तळोज्याच्या एका कारखान्यातून त्याला कायमच्या नोकरीचं पत्र आलं. गुरुवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. पत्र घेऊन तो सोमवारी खानविलकरांकडे आला आणि जाऊ की राहू असं विचारलं. खानविलकर म्हणाले, राहा. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तीन दिवसांपूर्वी, खंडेनवमीला, साहेबांनी स्वतः टेस्टरूममध्ये येऊन चाचणीच्या यंत्राला हार घातला होता, नारळ फोडला होता आणि या यंत्रावर आपली कंपनी पुढची वीस वर्षं चालेल असं भाषण ठोकलं होतं. टाळ्या झाल्या. पेढे वाटले.

तो नारळ फुटला त्याच्या तीन आठवडे आधी मीटरचा प्रकल्प मेलेला होता. बाहेरच्या एका कंपनीशी करार झाला होता. तयार सुटे भाग त्यांनी पाठवायचे आणि आम्ही नुसते डब्यात बसवायचे. करार मी टाइप केला होता. आपल्याकडच्या विजेच्या चढउतारावर आमच्या माणसांनी घेतलेल्या पन्नास मीटरांच्या चाचण्यांची नोंद त्या कंपनीला द्यायची, असंही त्यात होतं. त्या चाचण्या दिवाळीपर्यंत पुऱ्या व्हायला हव्या होत्या. म्हणून दिवाळीपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही. हे सगळं ठाऊक असताना साहेब हात जोडून यंत्रापुढे उभे राहिले, आणि हे सगळं ठाऊक असताना मी पेढा खाल्ला. पेढा चांगला होता, हेही मला आठवतं.

मंगळवारी साहेबांनी खानविलकरांना आत बोलावलं आणि सांगून टाकलं. चाचण्या नीट आवरून घ्यायच्या तर निदान त्यांना सांगणं भाग होतं. दार अर्धं उघडं होतं. साहेबांचा आवाज मवाळ होता, एखाद्याच्या घरी सांत्वनाला गेल्यासारखा. टीमला सध्या काही बोलू नका, दिवाळीनंतर बघू, आणि कोणी विचारलंच तर प्रकल्प पुढे ढकललाय म्हणा, असं ते म्हणाले. खानविलकरांनी फक्त एकच विचारलं, की हे कधी ठरलं. साहेबांनी तारीख सांगितली. खानविलकर बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तासाभराने ते हाताने लिहिलेला कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, मराठीत टाइप करा, सगळ्यांना कळेल असं. मी कागद दोनदा वाचला. इतक्या वर्षांत त्या टाइपरायटरवर मी शेकडो नोटिसा बडवल्या होत्या. 'अपरिहार्य कारणास्तव', 'व्यवस्थापनास खेद वाटतो', 'कर्मचाऱ्यांनी सहकार्य करावे'. खेद कोणाला वाटायचा ते मला कधी दिसलं नाही. हा कागद तसला नव्हता.

आता खरं तर त्यांनी तो कागद घेऊन सरळ टेस्टरूममध्ये जायचं होतं. पण तो माणूस खानविलकर होता. नोटीस म्हटली की पर्सोनेल ऑफिसरची सही हवी, शिक्का हवा, जावक क्रमांक हवा. मंगळवारी संध्याकाळी कागद पर्सोनेलकडे गेला. बुधवारी सकाळी पर्सोनेलने तो साहेबांकडे पाठवला. साहेबांनी 'बंद' शब्दावर काट मारून वर 'स्थगित' लिहिलं, खंडेनवमीचं वाक्य खोडलं, आणि दिवाळीनंतर लावा असा शेरा मारून परत दिला. खानविलकरांनी तो पुन्हा टाइप करवला, जसाच्या तसा, 'बंद'सकट, आणि पुन्हा सहीला पाठवला. बुधवार त्यात गेला. मला इतकी चीड आली होती, की त्या माणसाला दंडाला धरून टेस्टरूममध्ये ढकलावं असं वाटत होतं. पण मी जागची हलले नाही. कागद आत नेत होते आणि बाहेर आणत होते.

गुरुवारी सकाळी कागद सहीशिवायच परत आला. खानविलकर माझ्या टेबलापाशी उभे राहून त्याकडे बघत राहिले. मग पेनाने त्यात आपल्या उशिराचं वाक्य घातलं आणि म्हणाले, "जयमालाबाई, क्रमांक राहू दे." एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बिनशिक्क्याचा कागद उचलला. मी मागोमाग गेले. कशाला गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही.

टेस्टरूममध्ये त्यांनी सगळ्यांना हातातलं काम खाली ठेवायला सांगितलं आणि उभ्याने वाचायला सुरुवात केली. यंत्रावरचा झेंडूचा हार वाळून काळपट झाला होता.

"इलेक्ट्रॉनिक मीटरचा आपला प्रकल्प कंपनीने बंद केला आहे. तो पुढे ढकललेला नाही, बंद केला आहे. तयार भाग बाहेरून आणायचे असे ठरले आहे. हा निर्णय गेल्या महिन्यात झाला. खंडेनवमीची पूजा झाली तेव्हा तो झालेला होता. मला तो मंगळवारी कळला. आजपर्यंत मी तुम्हाला सांगितले नाही, ही माझी चूक आहे. तुमच्या कामात खोट होती म्हणून हे झालेले नाही. बंद घरात मीटर सरकायचा, तो दोष तुम्ही काढलात, आणि त्याची नोंद तुमच्या नावांनिशी वहीत आहे. कायम असलेल्या पाच जणांना दुसऱ्या खात्यात घेतील. हंगामी चौघांची मुदत डिसेंबरअखेर संपते. ती वाढेल असे मला कोणी सांगितलेले नाही, म्हणून मीही तसे सांगत नाही. दुसरीकडे काम मिळत असेल तर माझ्या शब्दावर थांबू नका. प्रत्येकाच्या कामाचा दाखला मी स्वतः लिहून देईन. दोन वर्षे तुमच्याबरोबर काम करायला मिळाले, याबद्दल मी आभारी आहे."

एकाने हातात तशीच राहिलेली पकड टेबलावर ठेवली, आवाज होऊ न देता. खानविलकरांनी कागदाची घडी घातली आणि ते सरळ कृष्णातपाशी गेले. म्हणाले, आजचा दिवस आहे, आत्ता निघ, तळोज्याला हो म्हणून सांगून ये, हजेरीचं मी बघतो.

कृष्णात म्हणाला, "साहेब, काल अर्धी सुट्टी टाकून मी जाऊन आलो. न्हाय म्हणून सांगून आलो."

त्याने सांगितलं ते असं. त्या लोकांनी आपल्याला मानाने बोलावलं, मग नुसतं पत्र टाकून नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून तो दोन बस बदलून तळोज्याला गेला, तिथल्या साहेबांना भेटला आणि हात जोडून नाही म्हणाला. साताऱ्याकडे सोयरिकीला नकार द्यायचा तरी घरी जाऊन देतात. त्या साहेबांनी त्याच्या देखतच यादीतल्या पुढच्या माणसाला फोन लावला.

खानविलकर माझ्याकडे वळले आणि तळोज्याचा नंबर लावायला सांगितला. मी टेबलाकडे धावले, नंबर लावला, ते माझ्या बोर्डापाशी उभं राहून बोलले. चूक माझी होती, मुलाची नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं. पलीकडच्याने शांतपणे ऐकून घेतलं. जागा भरली होती, तो माणूस सोमवारी रुजू होणार होता. खानविलकरांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. "मंगळवारीच सांगायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले, आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. पुढच्या आठवड्यात त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली. तिथे ते निवृत्त होईपर्यंत खिळे आणि वॉशर मोजत होते. दाखले मात्र त्यांनी नऊच्या नऊ लिहिले, आणि ते टाइप मी केले.

या माणसाला आम्ही हसायचो, याची मला लाज वाटते. पण त्याहून ज्याची शिसारी येते ते वेगळंच आहे. त्यांनी दोन दिवस उशीर केला आणि नऊ माणसांपुढे उभं राहून तो कबूल केला. मी जवळजवळ चार आठवडे गप्प होते.

त्याच गुरुवारी, दुपारी, कृष्णात माझ्या टेबलाशी आला. नोटिशीची एक प्रत हवी होती, गावी वडिलांना दाखवायला. काढताना खानविलकरसाहेब खोटं बोलले नाहीत, एवढं तरी त्यांना कळेल, असं तो म्हणाला. मी प्रत दिली. त्याने ती घडी न घालता वहीत ठेवली. मग जाता जाता, सहज विचारावं तसं विचारलं, "मॅडम, तुम्हाला कधी कळलं?"

त्याचा चेहरा साधा होता. त्याला माझ्यावर कसलाच संशय नव्हता.

"आजच," मी म्हणाले. "तुमच्याबरोबरच."

"व्हय," कृष्णात म्हणाला, "तुमालाबी कोण सांगतंय," आणि माझी कीव केल्यासारखी मान हलवून तो निघून गेला.