पंधरा मिनिटांचं पुन्हा बोलणं

नातीची मुलाखत मीच तोडली, हे आधी सांगून टाकते. मागून दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

ती सावंगीला लॅबचं शिकली, म्हणजे रक्त-लघवी तपासायचं. पुण्याच्या एका दवाखान्यात जागा निघाली, हिनं अर्ज केला, आणि त्यांनी कळवलं की मुलाखत व्हिडिओवर घेऊ. आता समुद्रपुरात आमच्या घरात तिच्या फोनचं नेट रडतं आणि माझ्या फोनचं बरं चालतं. म्हणून माझ्या फोनचा हॉटस्पॉट घेऊन ती आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसली. फोन माझ्याजवळ, स्वयंपाकघरात. त्यात दोन सिम. एकावर नेट, दुसऱ्यावर माणसं.

आणि मी काय केलं होतं? आदल्या दिवशीच साऱ्या गोतावळ्याला सांगून ठेवलं होतं की उद्या अकरा वाजता पोरीची मुलाखत आहे, आशीर्वाद द्या.

दिले ना लोकांनी. अकरा वाजून पाच मिनिटांनी सिंदी मेघे गावची नणंद, तिच्यामागून माझा भाऊ, मग भाचेसून. मी प्रत्येकाला हळू आवाजात सांगत होते की बाबा, आता फोन नको, मुलाखत चालू आहे. एवढं सांगायला मला दोन-दोन मिनिटं लागायची. आमच्यात फोन असा पटकन ठेवत नाहीत.

अर्ध्या तासानं पोर बाहेर आली ती रडवेली. समोरचे लोक सारखे थिजत होते, आवाज अर्धा जात होता, शेवटी त्यांनी वेळ संपली म्हणून आवरतं घेतलं. तिनं माझा फोन घेऊन पाहिला.

"आजी, तू कोणाकोणाशी बोलून राह्यली होती?"

मग तिनं समजावलं. या फोनमध्ये एका सिमवर बोलणं सुरू झालं की दुसऱ्यावरचं नेट थांबतं. मी बोलत होते तेवढा वेळ ती तिकडे आंधळी-बहिरी. मला बाई तोंड दाखवायला जागा उरली नाही. ती रागावली असती तर बरं होतं, पण तिनं नुसता लॅपटॉप मिटून ठेवला.

दुपारी मेल आला. तिनं मला मराठीत करून वाचून दाखवला. आजच्या मुलाखतीत संपर्क वारंवार तुटला, दोन प्रश्नांची तुमची उत्तरं आम्हाला पूर्ण ऐकू आली नाहीत, तेवढ्यापुरतं पंधरा मिनिटं पुन्हा बोलू. उद्या अकरा किंवा साडेचार, जमेल ती वेळ कळवा. फोन नंबर पण द्या, व्हिडिओ नाहीच जमला तर फोनवर बोलू. आजच्या अडचणीचा निवडीवर काही परिणाम होणार नाही.

मी दोनदा वाचायला लावला. तिचं आपलं म्हणणं, "असं सगळ्याइलेच लिहितात. मन राखाले."

मी म्हटलं, "मन राखाले घड्याळाची वेळ कोण देते वं?"

तशी हसली. मग उत्तर लिहायला बसली तर अर्धं पान माफीच. मी म्हटलं, बाई, एवढं कोण वाचेल. शेवटी चार ओळी राहिल्या. आभार, उद्या अकरा वाजता चालेल, हा माझा नंबर, आणि आज अडचण आमच्या बाजूनं होती, उद्या ती राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी दहालाच तिनं माझं बोलायचं सिम पिनेनं टोचून काढलं. आधी मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलून पाहिलं, स्वच्छ दिसत होतं. अकराला आत बसली. मी दारात राखणीला.

आता माझा फोन लागेना, म्हणून शेजारच्या गल्लीतली जाऊबाई घाबरून पाहायलाच आली. तिला ओट्यावर बसवलं आणि तुरीच्या शेंगा पुढे ठेवल्या, म्हणजे तोंड चालू आणि आवाज बंद.

आतलं सगळं ऐकू येत होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, रक्ताच्या नमुन्यातल्या पेशी फुटून वरचं पाणी लालसर झालेलं असेल तर काय कराल? आमची पोर न अडखळता म्हणाली, तो मशीनवर लावणार नाही, पोटॅशियम खोटंच जास्त दाखवेल. वॉर्डला कळवीन, नोंद करीन आणि नवीन नमुना मागवीन. जाऊबाई शेंग सोलायची थांबली.

पंधराची वीस मिनिटं झाली. मग दार उघडलं.

"त्यायनं विचारलं, कधीपासून येऊ शकाल. मी म्हटलं, पंधरा दिवसांत. आजी, तुले न विचारता म्हटलं."

मी उठले ती सरळ तिची बॅग काढायला. अजून होकार यायचा आहे, असं ती मागून सांगत होती. होकाराचा मेल पाचव्या दिवशी आला. तोवर तिची रजई दोनदा उन्हात घालून झाली होती.